संसदीय पद्धतीत अंकुश नेमका कुठे असतो?
संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ कायदेमंडळातूनच येत असल्याने या दोहोंत काटेकोर विभाजन शोधत बसू नका. त्याऐवजी न्यायालयाने नेमके काय तपासले, ते पाहा. ब्रिटनमध्ये संसदेने केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी पाच आठवड्यांच्या सत्रसमाप्तीसाठी, म्हणजे सत्र संपवून संसद तेवढा काळ बंद ठेवण्यासाठी, पंतप्रधानांनी राणीला दिलेला सल्ला एकमताने बेकायदा ठरवला, कारण सरकारला जाब विचारण्याच्या संसदेच्या कामात त्याने सबळ कारणाविना अडथळा आणला होता. पंतप्रधानांच्या हेतूवर न्यायालयाने निर्णय दिला नाही, परिणाम तेवढा जोखला (नवशिके इथेच हमखास घसरतात). दुसऱ्याच दिवशी संसद पुन्हा भरली. सरकार ठेवायचे की पाडायचे, हा प्रश्न मात्र सभागृहाकडेच राहिला.