पाळी थांबली तरी आईला टॅमॉक्सिफेनच का?

प्रश्न: माझी आई ४५ वर्षांची आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झाली. केमो चालू असतानाच पाळी बंद झाली, आता सात महिने आलेली नाही. डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन २० दिली आहे. माझ्या ६३ वर्षांच्या मावशीला याच आजारासाठी लेट्रोझोल चालू आहे आणि सगळे म्हणतात ती नवी, जास्त चांगली. आईची पाळी तर गेलीच आहे, मग तिला जुनी गोळी का? बदलून मागावी का?

उत्तर:

आत्ता तरी नका मागू. सात महिन्यांच्या बंद पाळीवर विसंबून तिला नुसती लेट्रोझोल दिली, तर फायदा बाजूलाच राहील, उलट नुकसान होऊ शकतं. मी अठरा वर्षं कॅन्सरच्या रुग्णांवर औषधोपचार करते आहे आणि ही चूक जवळून पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फाइलमधला बायोप्सीचा रिपोर्ट काढा. त्यात ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पॉझिटिव्ह असं लिहिलेलं असेल. ते नसतं तर या दोन्हींपैकी एकही गोळी दिली गेली नसती. गाठीच्या पेशींच्या केंद्रात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पकडणारी प्रथिनं आहेत आणि इस्ट्रोजेन मिळालं की त्या पेशी वाढतात, असा त्याचा अर्थ. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली लिहून ठेवलं होतं की अंडाशय काढल्यावर काही बायकांच्या स्तनातल्या पसरलेल्या गाठी आक्रसल्या. पण काहींच्याच का, हे कोणाला कळेना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी हा रिसेप्टर दाखवला, तेव्हा कोडं सुटलं: ज्या गाठीत रिसेप्टर आहे तिलाच इस्ट्रोजेन तोडल्याचा फरक पडतो. आजही तपासणीत शंभरपैकी एका पेशीच्या केंद्रात जरी रंग दिसला तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. मात्र एक ते दहा टक्क्यांच्या गाठींना या औषधांचा किती उपयोग होईल याची खात्री कमी असते. आईचा आकडा ८०–९० टक्के असेल तर गाठ इस्ट्रोजेनवर चांगलीच अवलंबून आहे.

आता दोन गोळ्यांमधला खरा फरक. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ती गाठीच्या पेशीतल्या रिसेप्टरवर जाऊन बसते. इस्ट्रोजेन आलं तरी त्याला बसायला जागा नाही. म्हणून शरीरात इस्ट्रोजेन कितीही असो, पाळी चालू असो वा गेलेली, टॅमॉक्सिफेन काम करते. लेट्रोझोल, ॲनॅस्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन यांचा मार्ग वेगळा. शरीरात ॲरोमॅटेज नावाचं एक एन्झाइम पुरुषी संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवतं, आणि या गोळ्या तेच एन्झाइम बंद पाडतात. म्हणजे इथे जागा मोकळीच असते, प्रवासी बनायचे थांबवायचे असतात.

हे मावशीला लागू पडतं, आईला का नाही? कारण इस्ट्रोजेन कुठे बनतं ते वयानुसार बदलतं. मावशीचे अंडाशय थकलेले आहेत. तिच्या शरीरात जे थोडं इस्ट्रोजेन आहे ते चरबीत, स्नायूत, त्वचेत बनतं. तिथल्या ॲरोमॅटेजवर मेंदूचा वचक नसतो. गोळी ते बंद करते आणि ते बंद राहतं. ज्यांचे अंडाशय अजून जिवंत आहेत त्यांच्यात मात्र गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी व्यवस्था असते. पातळी खाली गेली की मोटर आपोआप सुरू होते. लेट्रोझोलने इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला ते कळतं, ती एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडते, अंडाशय चाळवतात, नवी बीजं वाढायला लागतात आणि त्यांच्यासोबत नवं ॲरोमॅटेज तयार होतं. रोजची एक गोळी त्याला पुरी पडत नाही. वंध्यत्वाच्या दवाखान्यात बीज तयार व्हावं म्हणून हीच लेट्रोझोल पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात, हे सांगितलं की बहुतेकांना मुद्दा लगेच पटतो.

तुम्ही म्हणाल, पण आईची पाळी तर थांबली आहे. इथेच सगळी गफलत होते. केमोने वाढीला लागलेली बीजं मरतात, म्हणून पाळी थांबते. आत झोपलेली बीजं शिल्लक असतील तर ती काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनीही जागी होतात. चाळिशीच्या आतल्या बायकांत हे जास्त, पण ४५ म्हणजे सुटका असं नाही. इंग्लंडमधल्या एका पाहणीत केमोने पाळी गेलेल्या ४५ बायकांना ॲरोमॅटेज रोखणारी गोळी दिली होती. त्यातल्या १२ जणींचे अंडाशय पुन्हा चालू झाले आणि एकीला दिवसही गेले.

माझ्याकडे आलेली एक बाई सांगते. वय ४४, शाळेत शिक्षिका, गाठ जोरदार ईआर पॉझिटिव्ह. केमोच्या तिसऱ्या डोसनंतर पाळी बंद झाली. दुसरीकडे वर्षभर टॅमॉक्सिफेन घेतल्यावर 'आता पाळी गेलीच आहे' म्हणून तिला लेट्रोझोलवर टाकलं होतं. रक्ताची तपासणी न करता. पाच महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती स्तन भरून येतात, दुखतात म्हणून, आणि आदल्या आठवड्यात तीन दिवस रक्त गेलं होतं. गरम वाफा येणं बंद झालं होतं, त्याचा तिला आनंद वाटत होता. मला मात्र तीच गोष्ट खटकली. आधी गरोदरपणाची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. मग रक्तातलं इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचं मुख्य रूप, पाहिलं तर दोनशेच्या वर. लेट्रोझोल घेणाऱ्या, खरोखर पाळी गेलेल्या बाईत ते जेमतेम मोजण्याइतकं असायला हवं. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात १९ मिलिमीटरचं बीज वाढलेलं. म्हणजे पाच महिने आपण गाठीचं अन्न तोडतो आहोत असं समजत होतो आणि प्रत्यक्षात अंडाशयाला खतपाणी घालत होतो.

लेट्रोझोल त्याच दिवशी थांबवली आणि टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम परत सुरू केली. पुढचे पर्याय दोन होते: दर २८ दिवसांनी गोसेरेलिनचं इंजेक्शन देऊन अंडाशय झोपवायचे किंवा दुर्बिणीतून ते काढूनच टाकायचे. तिला मुलं झालेली होती, दर महिन्याला शहरात येणं शक्य नव्हतं, म्हणून तिने अंडाशय काढायचं ठरवलं. त्यानंतर इस्ट्रॅडिओल खाली आल्याची खात्री करून लेट्रोझोल पुन्हा दिली. आता ती योग्य जागी होती.

टॅमॉक्सिफेन चालू असताना एफएसएचचा आकडा फसवतो, कारण गोळीच त्यावर परिणाम करते. लेट्रोझोल चालू असतानाही तेच. म्हणून 'एफएसएच वाढलंय, म्हणजे पाळी गेली' हे अशा बायकांत धरता येत नाही. इस्ट्रॅडिओल पुन्हा पुन्हा बघावं लागतं, तेही अगदी कमी पातळी नेमकी मोजणाऱ्या पद्धतीने, कारण साध्या यंत्रांवर खालचे आकडे चुकतात. शिवाय एकदा आलेला चांगला आकडा सहा महिन्यांनी टिकेलच असं नाही. साठीच्या पुढे किंवा दोन्ही अंडाशय काढलेले असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार आढळते. अनेक बायकांची पिशवी पस्तिशी-चाळिशीतच काढलेली असते. बीडकडच्या ऊसतोड बायकांबद्दल तर हे सगळ्यांनी वाचलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, 'पाळी येते का?' की उत्तर येतं, 'कधीच गेली.' पण पिशवी काढली तरी अंडाशय बऱ्याचदा आतच ठेवलेले असतात आणि वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन बनवत राहतात. पाळी नाही, म्हणजे रक्त जाण्याची धोक्याची खूणही नाही. आईची पिशवी काढलेली असेल तर हे स्वतःहून सांगा, ऑपरेशनचा कागद दाखवा.

'जुनी गोळी' या शब्दाबद्दल. पाळी गेलेल्या बायकांत पाच वर्षं ॲरोमॅटेजवाली गोळी घेणाऱ्यांत दहा वर्षांच्या आत या कॅन्सरने होणारे मृत्यू टॅमॉक्सिफेनपेक्षा शंभरामागे सुमारे दोनाने कमी दिसले. फरक खरा आहे, पण तेवढाच. आणि ईआर पॉझिटिव्ह गाठीत पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने पहिल्या पंधरा वर्षांतले मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. आई दुय्यम औषध खाते आहे असं मनात आणू नका. गाठ मोठी असेल, काखेतल्या बऱ्याच ग्रंथींत आजार गेला असेल, तर अंडाशय झोपवून त्यावर एक्झेमेस्टेन किंवा तत्सम गोळी देणं टॅमॉक्सिफेनपेक्षा सरस ठरू शकतं. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा: 'आईचा धोका एवढा आहे का, की अंडाशय बंद करून पुढची गोळी द्यावी?' त्याची किंमतही समजून घ्या, कारण सांधे धरणं आणि हाडं ठिसूळ होणं या वयात लवकर सुरू होतं.

तोवर दोन गोष्टी पाळा. पाळी नसली तरी दिवस राहू शकतात, आणि टॅमॉक्सिफेनने बाळाला इजा होते, म्हणून निरोध किंवा तांबी वापरायला हवी. गर्भनिरोधक गोळ्या चालणार नाहीत. दुसरं, गरम वाफांसाठी किंवा उदासीसाठी कोणी पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन दिली तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी विचारा. टॅमॉक्सिफेनचं यकृतात जे प्रभावी रूप बनतं, ते या गोळ्यांमुळे कमी बनतं.

मधेच पाळीसारखं रक्त गेलं तर घाबरून गोळी बंद करू नका, फक्त तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. बहुधा अंडाशय जागे झाले असतील, तरी टॅमॉक्सिफेनवर असताना पिशवीचं अस्तर एकदा सोनोग्राफीत बघून घेतात. मावशीला मात्र तिच्या वयात एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवायला सांगा.