जुनं पगाराचं खातं बंद करण्याची घाई नको

प्रश्न: जुलैत नोकरी बदलली, पगार आता नव्या बँकेत जमा होतो. जुनी बँक किमान शिल्लक ठेवा म्हणून मेसेज पाठवते आहे. त्या खात्यातून गृहकर्जाचा ३१,४०० रुपयांचा हप्ता ५ तारखेला आणि पाच-पाच हजारांच्या दोन एसआयपी १० तारखेला जातात. दोन्हीकडे नव्या खात्यातून आपोआप पैसे कापू देणारे मॅन्डेट फॉर्म भरून दिलेत. शिवाय क्रेडिट कार्ड हरवल्यामुळे त्याचा नंबर बदलला, आणि आरोग्य विमा, मोबाइल, ओटीटीचे ऑटोपे जुन्या नंबरवर होते. जुनं खातं याच महिन्यात बंद केलं तर चालेल ना?

उत्तर: या महिन्यात नको. तुम्ही फॉर्म दिलेत, पण मॅन्डेट चालू झाला की नाही ते अजून कळायचं आहे. कर्ज देणारी संस्था तो एनपीसीआय या बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेमार्फत तुमच्या नव्या बँकेकडे पाठवते आणि नवी बँक तो मंजूर किंवा नामंजूर करते. सही जुळली नाही, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाला, तर मॅन्डेट परत जातो. नेटबँकिंग किंवा आधारवरून दिलेला मॅन्डेट काही दिवसांत नोंदला जातो, कागदी फॉर्मला दोन-तीन आठवडे सहज जातात. त्यातही हप्ता वसुलीची यादी संस्था तारखेच्या काही दिवस आधीच तयार करते. म्हणजे मॅन्डेट ३ तारखेला मंजूर झाला, तरी ५ चा हप्ता जुन्याच खात्यावर मागितला जाऊ शकतो.

तेव्हा नव्या बँकेच्या ॲपमध्ये मॅन्डेटची यादी उघडा. तिथे संस्थेचं नाव, कमाल रक्कम आणि `Active` ही स्थिती दिसली पाहिजे. कमाल रक्कम नीट बघा. तुमचं कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल आणि मर्यादा ३२,०००ची असेल, तर हप्ता थोडा वाढला की खात्यात पैसे असूनही तो परत जाईल. पण खरा पुरावा एकच: नव्या खात्यातून प्रत्यक्ष गेलेला हप्ता. असे लागोपाठ दोन हप्ते जाईपर्यंत जुन्या खात्यात हप्ता, एसआयपी आणि किमान शिल्लक मिळून पुरेल एवढी रक्कम ठेवा. एखाद्या महिन्यात दोन्ही खात्यांतून हप्ता गेला, तर जादा रक्कम परत मागता येते.

हप्ता चुकला की तो कसा दिसतो, तेही बघा. खातं चालू आहे पण पैसे कमी आहेत, अशा वेळी बँकेचा एसएमएस येतो आणि स्टेटमेंटमध्ये `ACH` व `RTN` अशा खुणांची दंडाची ओळ उमटते. बँकेचे काहीशे रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, वर कर्ज संस्थेचा वेगळा दंड. त्यापुढे किमान शिल्लक न ठेवल्याचा भुर्दंड मला परवडणारा वाटतो. खातंच बंद असेल, तर बँकेकडून काही कळेलच असं नाही. थेट कर्ज संस्थेचा थकबाकीचा मेसेज येतो, तोही जुन्या ईमेलवर गेला तर मग आनंदच! असा मेसेज आला तर त्याच दिवशी संस्थेच्या ॲपवरून हप्ता भरा, पण संस्था तो पुन्हा खात्यावर मागणार आहे का, हे आधी विचारून घ्या.

एसआयपीचं अपयश मात्र फार गुपचूप होतं. फंड कंपनी दंड लावत नाही, बँक लावते. फंडाच्या स्टेटमेंटमध्ये कधी खरेदीची ओळ आणि खाली तीच रक्कम वजा केलेली `Rejection`ची ओळ दिसते, कधी त्या महिन्याची नोंदच नसते. मासिक एसआयपी लागोपाठ तीनदा परत गेली की रद्द होते. त्यामुळे ११-१२ तारखेला युनिट वाढले का, ते बघा.

जुनं खातं बंद करण्याआधी त्याचं पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट काढा. वर्षातून एकदाच जाणाऱ्या रकमा तिथेच सापडतात. मे महिन्याच्या शेवटी ४३६ किंवा २० रुपयांची नोंद दिसली, तर ती पंतप्रधान जीवन ज्योती किंवा सुरक्षा विमा योजनेची. हा विमा खात्याशी बांधलेला असतो, खातं बंद केलं की संपतो. तो हवा असेल तर आधी नव्या बँकेत अर्ज करा.

कार्डाचं थोडक्यात. जुन्या नंबरवरचे ऑटोपे आपोआप नव्यावर आलेत, असं धरून चालू नका. त्यातला आरोग्य विम्याचा हप्ता आधी नव्याने नोंदवा, मोबाइल आणि ओटीटी नंतर. पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने सूचना द्यायची असते. नेहमीच्या तारखेआधी ती आली नाही, तर विमा कंपनीच्या ॲपवर जाऊन हप्ता हाताने भरा. मासिक हप्ता असेल तर सवलतीची मुदत १५ दिवसांचीच असते.