बेडरूममधल्या दोन तुटक रेषा

प्रश्न: घोडबंदर रोडला पहिलाच फ्लॅट घेतलाय. प्लॅनमध्ये बेडरूमच्या आतून दोन तुटक रेषा गेल्यात. तिथे भिंत येणार का? कपाटाला अडचण होईल का?

भिंत नाही, बहुतेक तो डोक्यावरचा बीम आहे. प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवं कापायचं आणि वरून खाली बघायचं. कापलेल्या भिंती जाड रेषेत, कॉलम बहुधा काळे भरलेले. ओटा, कमोड वगैरे खाली राहिलेलं सगळं बारीक रेषेत. कापाच्या वर जे राहिलं, म्हणजे बीम, माळा, ते तुटक रेषेत. आठ-नऊ इंचांवर दोन समांतर तुटक रेषा असतील तर बीम धरून चाला.

तो किती खाली उतरतो हे मात्र प्लॅन दाखवत नाही, त्यासाठी सेक्शन. प्लॅनवर टोकांना बाण असलेली ए-ए अशी रेषा शोधा. घर तिथे उभं कापून बाणाच्या दिशेने बघितलंय. ती रेषा तुमच्या बेडरूममधून जात नसेल तर त्या सेक्शनचा इथे उपयोग नाही. मग स्ट्रक्चरल बीम लेआउट मागा. त्यात एक गोम आहे: तुमचं घर सातव्या मजल्यावर असेल तर तुमच्या छताचे बीम आठव्या मजल्याच्या स्लॅबच्या शीटवर असतात. मी स्वतः चुकीची शीट घेऊन तासभर बसलो होतो!

आमच्या खारघरच्या घराचा हिशेब सांगतो. मजल्याची उंची २९०० मिमी, म्हणजे स्लॅबच्या माथ्यापासून पुढच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत. बीमवर लिहिलं होतं २३० × ६००. दुसरा आकडा बीम किती खोल आहे त्याचा, आणि त्यात स्लॅबची जाडी धरलेली असते. २९०० मधून ६०० गेले, फरशीचे ६० गेले, उरले २२४०. बीमखालून माणूस आरामात जातो, म्हणून मी निर्धास्त होतो.

बीम भिंतीपासून ९०० वर होता आणि कपाट ६०० खोल, म्हणजे कपाट त्याच्याखाली येतच नव्हतं. पण कपाटावरचा लॉफ्ट २१०० पासून थेट छतापर्यंत, आणि त्याची दारं ४५० रुंद. बीमपर्यंत जागा ३०० ची. सुतारकाकांनी पहिलं दार उघडलं आणि ते बीमला आपटून अर्ध्यातच थांबलं. शेवटी लॉफ्टला सरकती दारं करावी लागली, पैसे दुप्पट गेले.

तेव्हा सुताराला माप देण्याआधी बीमची खोली आणि भिंतीपासूनचं अंतर, दोन्ही काढा. प्लॅनमधली मापं बऱ्याचदा प्लास्टरआधीची असतात, त्यामुळे प्रत्येक भिंतीमागे अर्धा इंच कमी धरा. आणि हे काम ब्रोशरच्या रंगीत प्लॅनवर करू नका. त्यात सोफा, बेड, कुंडीतलं झाड सगळं असतं, बीम तेवढा नसतो.