जामीनदाराचं पत्र: "फाईलला लावतो" या उत्तरावर थांबू नका

"मेव्हण्याने दुकानासाठी सहकारी बँकेतून १० लाखांचं कर्ज काढलंय, ५ वर्षांचं. मी जामीनदार. हप्ता थकला तर मला लगेच कळवावं आणि अर्धं कर्ज फिटलं की मला मोकळं करावं, असं पत्र मी बँकेला देणार आहे. शाखेत म्हणाले, द्या, फाईलला लावतो. एवढं पुरेल ना? कर्ज मंजूर झालंय, पैसे अजून हातात आलेले नाहीत."

नाही, पुरणार नाही. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. पैसे उचलले गेले नसतील तर अजून वेळ गेलेली नाही. आधीच सांगतो, मी वकील नाही. रक्कम मोठी आहे, तेव्हा जामीनपत्राचा छापील नमुना एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

जामीन म्हणजे काय, कर्जदाराने नाही भरलं तर कोण भरणार, हे तुम्हाला ठाऊक असणारच. लोकांना ठाऊक नसतं ते हे की भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. सगळी मेख या "करारात वेगळं ठरलेलं" मध्ये आहे. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन कायद्यात नाही. हप्ता थकल्याचं तुम्हाला कळवलंच पाहिजे, असंही आपोआप नाही. हे हवं असेल तर ते करारात यावं लागतं, आणि तुम्ही एकट्याने सही करून दिलेला अर्ज म्हणजे करार नव्हे. त्यावर बँकेने आवक शिक्का मारला, तर बँकेला पत्र मिळालं एवढंच सिद्ध होतं. बँकेने ते मान्य केलं, असं त्यातून निघत नाही.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण एका बँकेच्या शाखेने हेच केलं होतं. पत्र गोड बोलून घेतलं, आवक क्रमांक टाकला, कागद फाईलमध्ये गेला. मंजुरी मुख्य कार्यालयाची होती आणि तिथे असं पत्र आहे याचा कुणाला पत्ताच नव्हता. पुढे थकबाकी झाली तेव्हा वसुली विभाग जामीनपत्र काढून बसला, त्यात जामीनदाराच्या बाजूचा एक शब्दही नव्हता. "तुमचा अर्ज होता, आम्ही कुठे हो म्हणालो?" हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, म्हणून तर जास्त चीड येते. शाखेतल्या माणसाला अटी बदलण्याचे अधिकार नसतात. तो "लावतो" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त फाईलला लावतो.

तेव्हा पत्र शाखा व्यवस्थापकांच्या नावाने द्या, पण मागणी अशी करा: "खालील अटी मंजुरीपत्रात, किंवा पुरवणी पत्राने, समाविष्ट करून सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने मला कळवाव्यात. लेखी मान्यता मिळाल्यानंतरच मी जामीनपत्रावर सही करीन." सही आधी आणि पत्र नंतर, हा क्रम उलटा पडला की हातात काही उरत नाही. पैसे उचलल्यावर मुदत कर्जाचा जामीन मागे घेता येत नाही. कलम १३० मध्ये जामीन मागे घेण्याची सोय आहे, पण ती चालू स्वरूपाच्या जामिनाला, म्हणजे कॅश क्रेडिटसारख्या, हवे तसे पैसे काढता-भरता येणाऱ्या खात्याला, आणि तीही पुढच्या व्यवहारांपुरतीच. शिवाय छापील नमुन्यात हा हक्क सोडून दिल्याचं वाक्य असेल तर ते बंधनकारक ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात २००८ मध्ये सांगितलंय.

आता थकबाकीची सूचना. "हप्ता थकल्यास कळवावे" एवढंच लिहिलंत तर बँक खातं एनपीए झाल्यावर, म्हणजे ९० दिवस उलटल्यावर कळवेल आणि म्हणेल, कळवलं की. तोवर तीन हप्ते साचलेले असतात, आणि पुढची पायरी अख्खी बाकी एकदम मागण्याची असते. म्हणून दिवस घाला: "कोणताही हप्ता देय तारखेपासून १५ दिवसांत पूर्ण जमा न झाल्यास, त्यानंतर ७ दिवसांच्या आत मला खालील पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि ई-मेलने कळवावे." "पूर्ण" हा शब्द गाळू नका. अर्धा हप्ता भरून खातं जिवंत ठेवायची सवय बऱ्याच कर्जदारांना असते.

पण नुसत्या या वाक्याला दात नाहीत. बँक विसरली तर काय? म्हणून जोडून लिहा: "अशी सूचना न दिल्यास, सूचना मिळेपर्यंतच्या काळातील दंडात्मक आकार व वसुली खर्च यांस मी जबाबदार राहणार नाही." बँक यावर कुरकुर करेल, कदाचित खोडेलही. तरी मागा. मुद्दल आणि नेहमीच्या व्याजाची जबाबदारी तुम्ही नाकारत नाही, तेव्हा मागणी अवाजवी नाही.

इथे आणखी एक अडथळा हमखास येतो. तुम्ही खात्याचा उतारा मागायला गेलात की उत्तर मिळतं, कर्जदाराची माहिती गोपनीय आहे. तुमच्या नावावर देणं आहे, पण किती आहे ते तुम्हाला सांगणार नाहीत! उपाय सोपा आहे. त्याच पत्राखाली मेव्हण्याची संमती घ्या: "माझ्या कर्जखात्याचा उतारा व थकबाकीची माहिती जामीनदारास मागणीप्रमाणे देण्यास माझी संमती आहे," खाली सही आणि तारीख. ही सही आजच घ्या. नात्यात आज सगळं गोड असतं. थकल्यावर ही सही मागितली की भांडण होतं.

मोकळं होण्याचं कलम सगळ्यात जास्त फसतं. "अर्धं कर्ज फिटल्यावर" म्हणजे नेमकं कधी? तुमच्या कर्जाचा व्याजदर ११ टक्के आणि व्याज घटत्या बाकीवर धरू. ६० हप्ते, हप्ता साधारण २१,७४२ रुपये. ३० हप्ते भरले की मुदत अर्धी झाली आणि भरणा ६,५२,००० च्या वर गेला. तुम्ही म्हणणार, अर्ध्याहून जास्त फिटलं. पण मुद्दल अजून जवळपास ५,६८,००० बाकी असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. ३४ हप्ते झाले तरी बाकी ५ लाखांच्या किंचित वरच राहते. ३५ वा हप्ता भरल्यावर ती सुमारे ४,८४,००० वर येते. म्हणजे "अर्धं" या एका शब्दात पाच हप्त्यांचं भांडण आहे, आणि मधे हप्ते थकले असतील तर त्याहून जास्त.

म्हणून आकडा लिहा: "कर्जखात्यातील येणे मुद्दल ५,००,००० रुपये किंवा त्याहून कमी झाल्यावर, आणि त्या दिवशी कोणताही हप्ता थकीत नसल्यास, माझी जामीनदार म्हणून जबाबदारी संपुष्टात येईल व बँक १५ दिवसांत जामीनमुक्तीचे पत्र देईल." "संपुष्टात येईल" असंच लिहा. बँक तिथे "विनंतीचा विचार करण्यात येईल" असं सुचवेल. विचार करून ती नाही म्हणू शकते, त्यामुळे त्या वाक्याला काही किंमत नाही. थकीत नसण्याची अट मात्र स्वतःहून घाला. ती घातली की मंजुरी देणाऱ्याला हो म्हणणं सोपं जातं.

खरं सांगायचं तर पूर्ण मुक्ती बऱ्याच बँका लिहून देत नाहीत, विशेषतः दुकानाचं किंवा मालाचं तारण कमी असेल तर. मग दुसरी मागणी करा, मर्यादेची: "माझी जबाबदारी कोणत्याही वेळी मुद्दलापैकी ५,००,००० रुपये व त्यावरील व्याज यांपुरती मर्यादित राहील." माझ्या मते ही मर्यादा मिळाली तर मुक्तीपेक्षा ती बरी, कारण ती पहिल्या दिवसापासून लागू होते. तिसरा मार्ग बदली जामीनदाराचा. पण नवा माणूस बँकेला पसंत पडायला हवा, आणि त्याचं जामीनपत्र झाल्याशिवाय तुमचं सुटत नाही.

दुसरा जामीनदारही असेल तर त्याला आधी विश्वासात घ्या. एकाला मोकळं केल्याने दुसरा सुटत नाही, असं कलम १३८ सांगतं. तुम्ही गेल्यावर बँकेचा सगळा रोख त्याच्याकडे वळेल. त्याची संमती सोबत असेल तर बँकेला नकार द्यायला एक कारण कमी.

छापील नमुन्यातली आणखी एक ओळ शोधा: "कर्जाच्या अटींत बदल, मुदतवाढ वा वाढीव कर्ज यास जामीनदाराची आगाऊ संमती आहे." कलम १३३ प्रमाणे तुमच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारांतून तुम्ही सुटता. ही ओळ तो बचाव काढून घेते. ती खोडून घ्या. नाहीच जमलं तर निदान वाढीव कर्ज आणि पुनर्रचना यांना तुमची वेगळी लेखी संमती लागेल, असं पत्रात मान्य करून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी मेव्हणा वाढीव कर्ज घेईल, मुद्दल पुन्हा ९ लाखांवर जाईल आणि तुमची ५ लाखांची रेषा लांबच राहील.

पतसंस्था असेल तर तारेवरची कसरत जास्त असते. तिथे जामीनदाराला सभासद करून घेतात, आणि थकल्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. त्यात कर्जदाराबरोबर जामीनदाराचंही नाव असतं. नोकरदाराकडून पगारकपातीचं संमतीपत्रही घेतात, आणि मग कपात जामीनदाराच्या पगारातून सुरू होते. या संमतीपत्रावर सही करण्याआधी तुमचा कपातीचा आकडा मर्यादित करून घ्या.

मुक्तीचं पत्र मिळालं की काम संपलं असं समजू नका. सहीचे कोरे धनादेश दिले असतील तर ते क्रमांकानिशी परत घ्या. पगारकपातीची संमती रद्द झाल्याचं पत्र तुमच्या कार्यालयाला बँकेकडूनच जाऊ द्या, तुमच्या हाताने नको. मूळ जामीनपत्रावर "रद्द" असा शेरा मारून त्याची प्रत मागा. महिन्या-दीड महिन्याने सिबिल अहवाल काढून पाहा. जामीनदार म्हणून असलेलं हे कर्ज तिथे तुमच्या नावासमोर दिसतं. मुक्तीनंतरही ते चालू दिसत असेल तर त्या पत्राची प्रत जोडून बँकेकडे आणि सिबिलकडे दुरुस्ती मागा. तिथे ते तसंच राहिलं तर उद्या तुम्ही स्वतः गृहकर्ज मागायला गेलात की मेव्हण्याचं कर्ज तुमच्या पात्रतेतून वजा होऊ शकतं.