त्या निबंधावर मार्क द्यायच्या आधी

अगं, काल फोनवर तू तीनदा म्हणालीस, "सर, हा निबंध तिचा वाटतच नाही." नववीतली पोरगी, वर्षभरात वर्गात चार वाक्यं बोललेली नाही आणि 'माझी आई' वर असलं लिहिते म्हणून तू दोन दिवस वही घेऊन लोकलने ये-जा करतेयस. बरं झालं, अजून लाल पेन उघडलं नाहीस.

आधी ते चेकरचं. निबंध टाइप करून तू कुठल्यातरी साइटवर टाकलास आणि तिने सांगितलं ऐंशी टक्के मशीनचं. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढलं त्यांनी स्वतः २०२३ च्या जानेवारीत असा चेकर काढला होता, आणि त्यांच्याच चाचणीत मशीनच्या शंभर इंग्रजी मजकुरांपैकी त्याने २६ पकडले, वर माणसांनी लिहिलेल्या शंभरातल्या ९ वर खोटा आळ घेतला. जुलैत गुपचूप बंद केला. इंग्रजीत ही गत, तर आपल्या मराठीतल्या पोरीचं काय सांगणार तो? सोड ते.

माझं ऐक, वाक्यावर बोट ठेव. तू वाचून दाखवलेलं ते वाक्य, "कोळंबी सोलून सोलून आईचा अंगठा इतका गुळगुळीत झालाय की रेशनचं मशीन तिला ओळखत नाही." त्यावर बोट ठेव आणि विचार, मग त्या दिवशी रेशन मिळालं का? लायनीत कोण होतं? "हे तू लिहिलंस का" हा प्रश्न नको. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं आणि गप्प पोरं दोन्ही देत नाहीत, मान खाली घालतात, मग आपल्याला वाटतं चोर सापडला.

हे मला कसं कळलं ते सांगतो, आवडीने नाही सांगत.

१९९४ साल, लालबागची पोरं, वर्गात अठ्ठावन्न. 'मी गिरणीचा भोंगा बोलतोय' असं आत्मवृत्त दिलेलं. एका पोराने लिहिलं, भोंगा बंद झाल्यावर आईने हप्त्यावर घड्याळ घेतलं, पण हप्ते फिटेपर्यंत ती त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हती. मी म्हटलं, ८२ चा संप झाला तेव्हा हा दोन वर्षांचा, याला काय आठवणार, मोठ्या कुणीतरी लिहून दिलंय. आणि भर वर्गात विचारलं, कोणी लिहून दिलं रे? तो काही बोलला नाही. मी दहापैकी तीन दिले. आता वाटतं, आईने सांगितलेलं ऐकून लिहिलं असेल, एवढंच तर होतं! वाक्यावर बोट ठेवलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण अठ्ठावन्न वह्या, त्यात शनिवार, वर परीक्षेचं काम, तू त्या जागी असतीस तर... असो. पुढच्या महिन्यापासून तो गाईडमधनं उतरवायला लागला, 'सृष्टीने हिरवा शालू नेसला' वगैरे, आणि मी त्याला सात द्यायला लागलो. म्हणजे खरं लिहिलं तर तीन आणि उतरवलं तर सात.

तर तू काय करशील. तिला स्टाफरूममध्ये बोलावू नकोस, तिथे सगळे कान टवकारतात. लायब्ररीत घे, समोर नको, शेजारी बसव, वही दोघींच्या मध्ये. विचार की यातलं काय खोडलंस? कच्चं लिहिलेलं पान आहे का? ज्याने लिहिलंय त्याला न लिहिलेलंही माहीत असतं, आणि उतरवणाऱ्याला फक्त कागदावरचं. तिच्या जुन्या वह्याही काढ, न आणि ण ची गडबड, लांबलचक 'आणि... आणि' वाली वाक्यं, हे माणसाबरोबर येतं. पण त्यावर निकाल लावू नकोस, कारण ताईने शुद्धलेखन तपासून दिलं असेल तर ण सुधारतो, अंगठा नाही सुधारत.

आणि ती घाबरून गप्पच राहिली तर? राहील, शक्यता आहे. मग ताणू नकोस. दोन दिवस दे आणि सांग, त्या रेशनच्या दुकानाबद्दल अजून दहा ओळी लिही, इथेच बसून, मला पुढचं वाचायचंय. नीट ऐक, पुढचं वाचायचंय असंच म्हण, परत लिहून दाखव नाही. पोरांना फरक लगेच कळतो. दहा ओळीत खोटंही कळेल, कारण उसनं लिखाण सगळीकडे सारखं गुळगुळीत असतं, त्यात कुणाचा पत्ता नसतो. आणि उसनं निघालं तरी ओरडू नकोस, ते एक वाक्य तरी कुठून आलं ते शोध. बहुतेक वेळा तेवढं घरचंच असतं.

तू म्हणशील, सर तुम्हाला सोपंय बोलायला, रिटायर झालात. हो झालो. म्हणून तर पोराचं नाव, बाक, शर्टाचा फाटलेला खिसा सगळं आठवतं, पण निबंधाचा शेवट आठवत नाही. घड्याळाच्या वाक्यापाशी संशय आला आणि पुढचं मी वाचलंच नाही.

सोमवारी चौथा तास ऑफ आहे ना तुझा? तेव्हा बस तिच्याजवळ. मार्क तोपर्यंत पेन्सिलीने पण नको.