सराव पेपरात तीच तीच चूक का होते?

«मुलगी पाचवीत आहे. शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात भाषेत बरे गुण येतात, पण गणित आणि बुद्धिमत्तेत तेच ते चुकतं. रोज एक पेपर सोडवून घ्यावा का?»

रोज नको. आठवड्याला एकच घ्या आणि उरलेले दिवस त्यातल्या चुकांना द्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाचवीला शिकवतो. माझ्या अनुभवात, वेगवेगळ्या दिसणाऱ्या चुकांचं मूळ बरेचदा एकच असतं.

एका पोरीचं सांगतो. बुद्धिमत्तेत प्रश्न होता: रांगेत सीमा समोरून 12 वी आणि मागून 9 वी, तर रांगेत एकूण मुली किती? तिने 21 रंगवलं. गणितात होतं: 60 मीटर रस्त्याच्या एका कडेला दर 5 मीटरवर झाड, दोन्ही टोकांनाही झाड, तर झाडं किती? तिथे 12 रंगवलं. मी विचारलं तर म्हणाली, "गुरुजी, बारा अन् नऊ एकवीसच तं होते!"

बेरीज बरोबरच होती, फक्त सीमा दोनदा मोजली गेली. तिच्या पुढे 11, मागे 8 आणि ती स्वतः, म्हणजे 20. झाडांच्या प्रश्नात तिने झाडांऐवजी मधली अंतरं मोजली. अंतरं 12, म्हणून झाडं 13. दोन्हीकडे घोटाळा एकच: आपण नेमकं काय मोजतोय?

याला सूत्र पाठ करून देऊ नका. "एक वजा, एक अधिक" पाठ केलेली पोरं नेमकी उलटी करतात, आणि गोल मैदानाभोवतीची झाडं आली की फसतात, कारण तिथे झाडं आणि अंतरं सारखीच असतात. मी तिला शाळेमागच्या वावरात नेलं. 30 फुटांच्या तासात दर 3 फुटांवर, दोन्ही टोकं धरून सरकी टोबायला लावली. दहा बिया घेऊन गेली आणि शेवटच्या टोकाला बी पुरली नाही. अकरावी मागायला आली तेव्हा तिला स्वतःच कळलं.

चुकीचा पर्याय नीट बघा. पेपर काढणारा 21 आणि 12 मुद्दाम ठेवतो, कारण घाईत तेच उत्तर येतं. म्हणून मुलीला "चुकलं" म्हणण्याआधी "हा पर्याय कसा आला?" असं विचारा आणि कच्चं काम खोडू देऊ नका.

वेळेचंही बघा. पहिल्या पेपरात भाषेचे 25 आणि गणिताचे 50, असे 75 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. भाषेचा उतारा दोनदा वाचण्यात वेळ गेला की गणिताचे शेवटचे प्रश्न अंदाजाने रंगवले जातात. ते चुकले तर गणित कच्चं समजू नका. तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी सावकाश सोडवायला द्या, आले तर अडचण वेळेची आहे.