एल्बो-व्हॉल्व्हचा लॉस दहा टक्के धरू नका, पाइपच्या लांबीत मोजा

प्रश्न: "50 मिमीची पाइप आहे, सरळ लांबी 20 मीटर. त्यात 6 एल्बो, 1 ग्लोब व्हॉल्व्ह, 1 गेट व्हॉल्व्ह, 1 नॉन रिटर्न. फिटिंगचा लॉस सरळ पाइपच्या 10 टक्के धरला तर चालेल का? इक्विव्हॅलंट लेंग्थ नक्की कशी काढतात?"

नाही चालणार. लांबच लांब सरळ लाइन असेल, दोन-तीन किलोमीटरची, तर तिथे दहा टक्के खपून जातं, पण 20 मीटरमध्ये 9 फिटिंग म्हणजे फिटिंगचा लॉस पाइपपेक्षा जास्त निघतो. मीही सुरुवातीला एका छोट्या लाइनला असाच दहा टक्के धरून पंप निवडला होता आणि पाणी हिशोबापेक्षा बरंच कमी आलं, तेव्हापासून फिटिंग एकेक मोजूनच घेतो.

पद्धत अशी की प्रत्येक फिटिंगच्या जागी तेवढाच लॉस देणारा सरळ पाइपचा तुकडा आहे असं समजायचं. टेबलमध्ये तो व्यासाच्या पटीत देतात, L/D म्हणून. पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह 8, साधा 90 अंशाचा एल्बो 30, स्विंग टाइप नॉन रिटर्न 100, आणि पूर्ण उघडा ग्लोब 340. ग्लोबचा आकडा इतका मोठा का, तर त्याच्या आत पाणी सरळ जातच नाही, आधी वर वळतं, सीटमधून जातं आणि परत वळतं.

आता तुमची लाइन. एल्बो 6 × 30 = 180, ग्लोब 340, नॉन रिटर्न 100, गेट 8, एकूण 628 व्यास. आतला व्यास 0.05 मीटर, म्हणजे 31.4 मीटर. तुमची सरळ 20 मीटर, म्हणजे हिशोबाला 51.4 मीटर पाइप झाली. मग नेहमीचं सूत्र, यात h म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला लॉस, f म्हणजे पाइपचा घर्षण गुणांक, V म्हणजे पाण्याचा वेग:

```
h = f × (L/D) × V²/2g
```

वेग 2 मीटर प्रति सेकंद धरतो, म्हणजे साधारण 235 लिटर प्रति मिनिट, V²/2g होतं 0.204 मीटर, आणि नव्या स्टील पाइपला या वेगाला f साधारण 0.022. नुसत्या 20 मीटरचा लॉस 1.8 मीटर, दहा टक्के धरून तुम्ही 2 मीटर लिहिले असते, खरा येतो 4.6. यातला दीड मीटर एकट्या ग्लोबचा आहे. तो फक्त चालू-बंद करायला लावला असेल, फ्लो कमी-जास्त करायला नाही, तर काढून दुसरा गेट टाका, एकूण लॉस 3.1 मीटरवर येतो. पाइप मोठी करायचा विचार त्यानंतर करा.

आता सगळ्यात जास्त जिथे चुकतं ते. 30 किंवा 340 हे आकडे फिटिंगचे स्वतःचे कायमचे आकडे नाहीत, त्यांच्यामागे एक f लपलेला आहे. फिटिंगचा लॉस मुख्यतः पाणी वळण्याने आणि भोवऱ्यांनी होतो, पाइप गुळगुळीत आहे की गंजलेली याचं त्याला फारसं घेणंदेणं नसतं. हे आकडे नव्या स्टील पाइपच्या पूर्ण टर्ब्युलंट f वर बसवलेले असतात, 50 मिमीला तो साधारण 0.019, म्हणजे ग्लोबचा K, म्हणजे त्याचा लॉस V²/2g च्या किती पट तो आकडा, आला 340 × 0.019 = 6.5 च्या आसपास. तुमच्या 0.022 ला हिशोब थोडा जास्त येतो, तो सुरक्षित बाजूला आहे, चालतं. पण जुनी गंजलेली पाइप असेल, f 0.035 झाला असेल, आणि तुम्ही तरीही 340 च वापरला तर ग्लोबचा लॉस जवळजवळ दुप्पट दाखवेल. तिथे लांबी K/f ने काढायची, 6.5 / 0.035 म्हणजे फक्त 185 व्यास. आत गंज चढून व्हॉल्व्हचं भोकच अरुंद झालं असेल तर मात्र टेबलचा K पण लागू नाही.

आणखी दोन गोष्टी बघून घ्या. f डार्सीचाच आहे ना, कारण काही पुस्तकांत फॅनिंगचा देतात आणि तो चौपट लहान असतो, उत्तर एकदम छान कमी आलं की आधी तिथेच शंका घ्या. आणि मधे 25 मिमीचा तुकडा असेल तर त्याच्यावरच्या फिटिंगची लांबी 50 च्या लांबीत मिळवू नका, वेग चौपट झालेला असतो, त्या तुकड्याचा h वेगळा काढा आणि मग दोन्ही h ची बेरीज करा.

व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवणार असाल तर हे सगळं विसरा, अर्धा उघडा गेट 8 वरून 160 च्या आसपास जातो. लाइन चालू असताना खात्री करायची असेल तर ग्लोबच्या आधी आणि नंतर गेज लावा, दोन्ही एकाच उंचीवर, या फ्लोला फरक 0.15 बारच्या जवळ दिसला पाहिजे. त्याहून बराच जास्त दिसला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय का ते आधी बघा.